एका कॅपलेटचा पेऑफ कसा काढायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बदलत्या दराचं कर्ज घेऊन त्यावर व्याजदर कॅप घेतलेले, आणि सेटलमेंटची रक्कम स्वतः ताडून पाहू इच्छिणारे वाचक जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक उत्तरांत एकच उदाहरण चालवलं आहे: नोशनल १ कोटी युरो, स्ट्राइक ३.००%, संदर्भ दर तीन महिन्यांचा युरिबॉर, कालावधी १५ मार्च ते १५ जून. यातले दर समजावण्यासाठी घेतलेले आहेत, कुठल्याही विशिष्ट वर्षाचे नाहीत.

१. कॅप आणि कॅपलेट यांत फरक काय?

कॅप हा एक करार असतो, पण हिशेबासाठी तो छोट्या छोट्या स्वतंत्र ऑप्शनची माळ असतो. त्यातला एकेक ऑप्शन म्हणजे कॅपलेट. प्रत्येक कॅपलेटला स्वतःचा एक व्याजाचा कालावधी, स्वतःची रीसेटची तारीख आणि स्वतःची पैसे मिळण्याची तारीख असते. स्ट्राइक सहसा सगळ्यांना सारखाच असतो, पण तसा असलाच पाहिजे असं नाही.

कॅपलेट विकत घेणाऱ्याला मिळणारं आश्वासन साधं आहे: या कालावधीसाठी ठरलेला दर स्ट्राइकच्या वर गेला, तर वरचा तेवढा भाग आम्ही तुम्हाला देऊ. दर खाली राहिला तर काहीच देवाणघेवाण नाही. त्यामुळे कॅपची रक्कम काढायची म्हणजे एकेक कॅपलेट वेगळं घेऊन त्याची रक्कम काढायची. अख्ख्या कॅपचा म्हणून वेगळा कुठलाही पेऑफ नसतो.

२. सूत्र काय? एकदा आकडे घालून दाखवाल का?

पेऑफ = नोशनल × (रीसेट दर − स्ट्राइक, पण शून्यापेक्षा कमी नाही) × कालावधीचा वर्षाशी असलेला अंश.

समजा रीसेटच्या दिवशी युरिबॉर ३.६५% जाहीर झाला. स्ट्राइक ३.००% असल्यामुळे फरक ०.६५%. तो १ कोटीवर लावला की ६५,००० युरो. पण ही रक्कम पूर्ण वर्षाची झाली आणि आपला कालावधी एका तिमाहीचाच आहे. १५ मार्च ते १५ जून मोजले की ९२ दिवस होतात. युरिबॉरच्या व्याजात वर्ष ३६० दिवसांचं धरतात, म्हणून ६५,००० × ९२ ÷ ३६० = १६,६११.११ युरो.

स्प्रेडशीटमध्ये हेच असं लिहिता येईल. B1 मध्ये नोशनल, B2 मध्ये रीसेट दर, B3 मध्ये स्ट्राइक आणि B4 मध्ये दिवस:

```
=B1*MAX(B2-B3,0)*B4/360
```

B2 आणि B3 चे सेल टक्क्यांच्या स्वरूपात ठेवा, म्हणजे आत ०.०३६५ आणि ०.०३ अशा संख्या बसतील. एका सेलमध्ये ३.६५ आणि दुसऱ्यात ०.०३ असं झालं, तर उत्तर ९२ लाखांच्या वर जातं आणि चूक लगेच दिसते. दोन्हीकडे ३.६५ आणि ३ लिहिलं तर उत्तर बरोबर शंभरपट येतं. ही चूक डोळ्यांवरून निसटू शकते. ताळा असा करा: १ कोटी नोशनलवर एका तिमाहीत एका बेसिस पॉइंटची, म्हणजे ०.०१ टक्क्याची, किंमत सुमारे २५५ युरो. ६५ बेसिस पॉइंटला साडेसोळा हजारांच्या आसपास आलं की आकडा जागेवर आहे.

३. दर १३ मार्चला ठरला, मग पैसे जूनमध्ये का?

कॅपलेटला तीन तारखा असतात आणि बहुतेक गोंधळ त्या एकमेकींत मिसळल्यामुळे होतो. उदाहरणात १५ मार्चला बुधवार आहे असं धरा. युरिबॉर कालावधी सुरू होण्याच्या दोन कामकाजी दिवस आधी ठरतो, म्हणजे सोमवारी १३ मार्चला. कालावधी १५ मार्चला सुरू होतो आणि १५ जूनला संपतो. पैसे १५ जूनला मिळतात.

म्हणजे १३ मार्चला सकाळी दर जाहीर झाला की १६,६११.११ हा आकडा पक्का होतो. त्यानंतर एप्रिल-मेमध्ये युरिबॉर पाचावर गेला किंवा दोनवर आला, तरी या कॅपलेटला काही फरक पडत नाही. पुढच्या कॅपलेटला पडेल. रक्कम मात्र कालावधीच्या अखेरीस मिळते, कारण कर्जाचं व्याजही त्याच दिवशी भरायचं असतं. दोन्ही रकमा एका दिवशी यायला हव्यात, म्हणूनच अशी रचना आहे.

१५ जून सुटीचा निघाला तर पैसे कुठल्या दिवशी सरकतील, आणि त्यामुळे दिवसांची संख्या बदलेल की नाही, हे करारातल्या कामकाजी दिवसांच्या नियमावर ठरतं. बऱ्याच करारांत दोन्ही बदलतात. काहींत फक्त पैसे देण्याचा दिवस सरकतो, दिवसांची मोजणी जुन्याच तारखेपर्यंत राहते.

४. बँकेचा आकडा माझ्या आकड्यापेक्षा थोडासा वेगळा येतो. चूक कुणाची?

फरक थोडा असेल तर आधी वर्षाचा अंश बघा. एकाच ०.६५ टक्क्याच्या फरकावर तीन वेगळी उत्तरं येऊ शकतात. प्रत्यक्ष दिवस भागिले ३६० केलं तर १६,६११.११. प्रत्यक्ष दिवस भागिले ३६५ केलं तर १६,३८३.५६. आणि तिमाही म्हणजे पाव वर्ष असं धरून ०.२५ ने गुणलं तर १६,२५०. सर्वांत जास्त चूक या शेवटच्या प्रकारात होते, कारण तोंडी हिशेब करताना माणूस सहज चारने भागतो.

तुमचा आकडा बँकेच्या सुमारे दोन टक्क्यांनी खाली असेल, तर ३६० ऐवजी चारने भागल्याचा संशय घ्या. सुमारे दीड टक्क्याने खाली असेल, तर ३६५ आत शिरलेला असतो. फरक एका दिवसाच्या व्याजाइतका, म्हणजे या उदाहरणात १८० युरोंच्या आसपास असेल, तर सुरुवातीचा आणि अखेरचा असे दोन्ही दिवस मोजले गेले असावेत. नियम असा की पहिला दिवस धरायचा, अखेरचा सोडायचा.

५. कॅप असूनही माझं व्याज स्ट्राइकच्या वर गेलं. हे कसं?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि विचारणाऱ्याची नाराजी समजण्यासारखी असते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं कारण म्हणजे मार्जिन. समजा कर्जाचा दर युरिबॉर अधिक १.२०% आहे. ३.६५ च्या रीसेटला कर्जाचा दर ४.८५% झाला. बरेच जण ४.८५ मधून स्ट्राइकचे ३.०० वजा करून १.८५ टक्क्यांची अपेक्षा धरतात. पण कॅपलेट मार्जिनकडे बघतच नाही. त्याची तुलना फक्त संदर्भ दराशी, म्हणजे नुसत्या युरिबॉरशी असते. या तिमाहीचं व्याज १,२३,९४४.४४ युरो होतं. त्यातून कॅपलेटचे १६,६११.११ गेले की उरतात १,०७,३३३.३३. हे व्याज नेमकं ४.२०% दराचं आहे, म्हणजे स्ट्राइक अधिक मार्जिन. युरिबॉर दहावर गेला तरी हा आकडा ४.२० वरच थांबेल. तेव्हा कॅप घेताना स्वतःला विचारायचा दर तो, ३.०० नव्हे.

दुसरं कारण जास्त छुपं असतं: कर्जाचा आणि कॅपचा रीसेट एकाच दिवशी न होणं. कर्जाचा दर २८ तारखेला ठरत असेल आणि कॅपलेटचा १३ तारखेला, तर त्या मधल्या पंधरवड्यात दर चढला की कर्जावर ३.९० लागेल आणि कॅपलेट ३.६५ वरच हिशेब करेल. पाव टक्का तुमच्याच खिशातून जाईल. दर उतरला तर उलट होईल, पण ते नशिबावर सोडण्यासारखं नाही. हीच गोष्ट मुदतीची. कर्ज एक महिन्याच्या युरिबॉरवर आणि कॅप तीन महिन्यांच्या युरिबॉरवर असेल, तर पेऑफ सूत्राप्रमाणे तंतोतंत बरोबर येईल आणि तरीही व्याजाशी जुळणार नाही. अशा वेळी बँकेने दिलेला पेऑफ चुकीचा नसतो. करार कर्जाच्या मापाचा नसतो.

तिसरं कारण नोशनल कर्जापेक्षा कमी असणं. ते प्रश्न ९ मध्ये आहे.

६. दर स्ट्राइकच्या खाली गेला तर मला पैसे भरावे लागतात का?

नाही. युरिबॉर २.४०% निघाला तर फरक उणे ०.६०, आणि सूत्रातली शून्याची अट तिथेच थांबवते. कॅपलेटचा पेऑफ शून्य. स्वॅप असता तर तुम्ही ०.६० दिले असते. कॅपसाठी तुम्ही प्रीमियम भरलेला असतो तो याच मोकळिकीचा. दर बरोबर ३.००% निघाला तरीही पेऑफ शून्यच.

कॅपलेट वापरण्यासाठी काही कळवावंही लागत नाही. रीसेट स्ट्राइकच्या वर गेला की रक्कम आपोआप देय होते.

७. एका तिमाहीत दर खूप वर, पुढच्या तिमाहीत खाली. सरासरी धरतात का?

धरत नाहीत, आणि ते तुमच्या फायद्याचं आहे. समजा लागोपाठच्या दोन रीसेटला युरिबॉर ३.६५ आणि २.४० निघाला. सरासरी ३.०२५, म्हणजे स्ट्राइकच्या जेमतेम वर. सरासरीवर पेऑफ असता तर जवळजवळ काहीच हाती आलं नसतं. पण पहिल्या कॅपलेटचे १६,६११.११ पूर्ण मिळतात आणि दुसऱ्याचा शून्य त्यातून काही कापत नाही. उलट बाजूने, मागच्या तिमाहीतला न वापरलेला वाव पुढच्या तिमाहीत जमाही होत नाही.

सरासरीवर चालणाऱ्या कॅपही असतात. त्या स्वस्त असतात ते याच कारणाने. तुमच्या करारात सरासरी हा शब्द असेल तर या पानावरचं सूत्र जसंच्या तसं लागू होणार नाही.

८. दोन वर्षांची तिमाही कॅप घेतली, पण पत्रकात आठऐवजी सातच कॅपलेट आहेत. एक कुठे गेलं?

पहिल्या तिमाहीचा दर करार करतानाच ठरलेला असतो. जो दर आधीच माहीत आहे त्यावर ऑप्शन विकण्यात अर्थ नाही, म्हणून पहिला कालावधी सहसा वगळतात. तुमचं पहिलं संरक्षण तीन महिन्यांनी होणाऱ्या रीसेटपासून सुरू होतं आणि त्याचे पैसे सहा महिन्यांनी येतात. कॅपची सुरुवात पुढच्या एखाद्या तारखेपासून असेल तर मात्र पहिलं कॅपलेटही धरलेलं असतं.

९. कर्ज हप्त्याहप्त्याने फिटतं. मग नोशनल कुठलं घ्यायचं?

त्या कालावधीसाठी कॅपच्या वेळापत्रकात लिहिलेलं. समजा १५ जूनला ५ लाख फिटून कर्ज ९५ लाखांवर येतं आणि कॅपही तशीच उतरती घेतली आहे. तर मार्च ते जूनच्या कॅपलेटला १ कोटीच धरायचे, जरी पैसे १५ जूनलाच मिळत असले तरी. ९५ लाख पुढच्या कॅपलेटपासून लागू होतात.

कॅपला तुमच्या कर्जाची खबर नसते. तुम्ही मध्येच मोठी रक्कम फेडून कर्ज ८० लाखांवर आणलं, तरी कॅपलेट १ कोटीवरच १६,६११.११ देईल. तेव्हा ही जास्तीची २० लाखांची कॅप ठेवायची की विकायची हा वेगळा निर्णय घ्यावा लागतो. उलट, कर्ज वाढवलं आणि कॅप तशीच ठेवली, तर वरच्या भागाला संरक्षण नाही आणि एकूण व्याजदर प्रश्न ५ मधल्या ४.२० च्या वर जाईल.

नोशनल स्वतः कधीच हातबदल होत नाही. ते फक्त गुणायला घेतलेली संख्या आहे.

१०. १३ मार्चला आकडा पक्का झाला, तर मी ती रक्कम लगेच घेऊ शकतो का?

करारात तशी तरतूद असेल, किंवा तुम्ही कॅपलेट विकत असाल तर घेऊ शकता, पण मग पूर्ण १६,६११.११ मिळणार नाहीत. तीन महिन्यांनी मिळणारी रक्कम आज हवी असेल तर त्या काळाचं व्याज वजा होतं. त्याच ३.६५% दराने वटवली तर भाजक १ + ०.०३६५ × ९२ ÷ ३६०, म्हणजे १.००९३२८ येतो. भागाकार सुमारे १६,४५७.६० युरो. प्रत्यक्ष वटवणूक कुठल्या वक्ररेषेवरून करायची यावर शेवटचे काही युरो हलतील.

याच ठिकाणी कॅपलेटचं दुसरं रूप दिसतं आणि अभ्यासकांनी ते जरूर पाहावं. रीसेटच्या दिवशीची ही वटवलेली किंमत म्हणजे शून्य कूपन रोख्यावरच्या पुट ऑप्शनचा पेऑफ असतो. रोख्याची मुदत ९२ दिवसांची, पुटचा स्ट्राइक १ भागिले (१ + स्ट्राइक दर × अंश), आणि असे पुट नोशनल गुणिले (१ + स्ट्राइक दर × अंश) इतके. दर वर गेला की रोख्याची किंमत पडते आणि पुटला पैसे मिळतात. वरचे आकडे घालून पाहा, उत्तर तेच येईल. व्याजदराची अनेक मॉडेलं कॅपलेटची किंमत याच वाटेने काढतात, कारण त्यांना रोख्यावरचे ऑप्शन मोजणं सोपं जातं.

११. दर उणे असला तर सूत्र चालतं का?

पेऑफचं सूत्र चालतं, त्यात काहीच बदलावं लागत नाही. तीन महिन्यांचा युरिबॉर एप्रिल २०१५ पासून जुलै २०२२ पर्यंत शून्याखाली होता, आणि त्या काळात उणे स्ट्राइकचा विचारही करावा लागला. रीसेट उणे ०.१०% आणि स्ट्राइक उणे ०.२५% असेल, तर फरक अधिक ०.१५%. १ कोटीवर ९२ दिवसांचे ३,८३३.३३ युरो मिळतील. वजाबाकी करताना चिन्ह नीट सांभाळा: उणे ०.१० हा उणे ०.२५ पेक्षा मोठा आहे.

अडतं ते किंमत ठरवण्याचं काम. पूर्वापार वापरातलं ब्लॅक मॉडेल दर नेहमी शून्याच्या वर राहतो असं धरतं, त्यामुळे उणे दर घातला की लॉगॅरिदम निघतच नाही. म्हणून बाजार बाशेलिए मॉडेलकडे किंवा दर थोडा वर सरकवून वापरायच्या ब्लॅक मॉडेलकडे वळला. तुम्हाला मिळणाऱ्या पैशांशी याचा संबंध नाही, पण मध्येच कॅप विकायची झाली तर आहे.

१२. सोफरवरच्या कॅपमध्ये रीसेटचा दर शोधला, पण सापडत नाही. का?

कारण तिथे सुरुवातीला दर ठरतच नाही. बँकांच्या पॅनेलवरून ठरणारा डॉलरचा लायबॉर जून २०२३ अखेर बंद झाला आणि बरेचसे डॉलर करार सोफर या एका रात्रीच्या दराकडे गेले. अशा कॅपलेटमध्ये कालावधीभरातले रोजचे सोफर चक्रवाढीने जोडून एक दर काढतात आणि त्या एका दराची स्ट्राइकशी तुलना करतात. म्हणजे प्रश्न ३ मधली पहिली तारीख सरकून अखेरीला येते आणि रक्कम पैसे मिळण्याच्या जेमतेम काही दिवस आधी कळते. सोफरचे आगाऊ ठरणारे मुदत दरही आहेत, त्यांवरचं कॅपलेट मात्र युरिबॉरसारखंच चालतं.

इथे एक ठोकर हमखास लागते. समजा नोशनल १ कोटी डॉलर, स्ट्राइक ३.००%, कालावधी ९२ दिवस. पहिले ४६ दिवस सोफर २.५०% होता आणि नंतरचे ४६ दिवस ३.७०%. कुणी रोजच्या दराला स्ट्राइकशी लावून नंतर बेरीज केली, तर दुसऱ्या अर्ध्या काळात ०.७० टक्के दराने ८,९४४.४४ डॉलर येतात. पण करार तसा नाही. आधी जोडणी, मग तुलना. चक्रवाढ धरून आख्ख्या काळाचा दर सुमारे ३.११% निघतो, फरक ०.११, आणि पेऑफ सुमारे २,८६५ डॉलर. सुरुवातीच्या कमी दराच्या दिवसांनी नंतरच्या जास्त दराला खाली ओढलं. एका कालावधीच्या आत सरासरीसारखा परिणाम होतो, दोन कालावधींमध्ये होत नाही (प्रश्न ७).

चक्रवाढ सोडून साधी सरासरी घेतली तर दर ३.१० येतो आणि पेऑफ २,५५५.५६. दरात फरक एका शतांशाचा, पण रकमेत दहा टक्क्यांच्या आसपास. दर स्ट्राइकच्या अगदी जवळ असताना दरातली क्षुल्लक चूक पेऑफमध्ये अशी फुगते.

१३. पेऑफमधून प्रीमियम वजा करायचा का?

कॅपलेटच्या सेटलमेंटमध्ये नाही. प्रीमियम सहसा सुरुवातीलाच एकरकमी दिलेला असतो आणि बँक १५ जूनला पूर्ण १६,६११.११ देते. कॅप घेणं परवडलं का हे पाहायचं असेल, तर सगळ्या कॅपलेटचे पेऑफ एकाच तारखेला वटवून त्यांची बेरीज प्रीमियमशी लावावी लागते. एकट्या कॅपलेटला प्रीमियमचा वाटा समान भागून देणं चूक आहे, कारण दूरच्या तारखेच्या कॅपलेटमध्ये अनिश्चितता जास्त असते आणि प्रीमियमचा मोठा भाग बहुधा त्यांचाच असतो. प्रीमियम हप्त्यांनी द्यायचा ठरला असेल, तर त्या दिवशीचा हप्ता आणि पेऑफ यांची निव्वळ रक्कम खात्यात दिसू शकते. आकडा कमी दिसला तर प्रश्न ४ कडे जाण्याआधी हे तपासा.